रिपोर्टचे घड्याळ कुठून सुरू होते?

“रिपोर्ट संध्याकाळी मिळेल,” हे वाक्य शहापूर किंवा मुरबाडच्या कुठल्याही रक्त तपासणी केंद्राच्या खिडकीवर दिवसभर कानी पडते. संध्याकाळी म्हणजे पाच वाजता की आठ वाजता, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. डोळखांब किंवा धसईहून आलेल्या माणसाला मात्र शेवटची एस.टी. गाठायची असते. ती चुकली की मुक्काम, नाहीतर रिपोर्ट न घेताच परत.

पण वाचकहो, उशिराचा प्रश्न केवळ गैरसोयीचा असता तर या सदरात त्याला जागा दिली नसती. रक्त नळीत गेले म्हणजे थांबले असे होत नाही. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांचे काम चालूच राहते. म्हणून उशीर झालेल्या नमुन्याचा रिपोर्ट नुसता उशिरा येतो असे नाही, तो चुकीचाही येऊ शकतो. आणि चुकीचा रिपोर्ट दिसायला अगदी बरोबर रिपोर्टसारखाच असतो.

हल्ली बऱ्याच केंद्रांत कॉम्प्युटर आहे. प्रत्येक पाळीच्या शेवटी, म्हणजे सकाळची पाळी संपून दुपारची सुरू होताना, तो एक गोषवारा छापून देतो: इतके नमुने आले, इतक्यांचे रिपोर्ट गेले, सरासरी इतका वेळ लागला, इतके उशिरा झाले. कागद भिंतीवर लागतो आणि मालक समाधानी होतात. माझे म्हणणे असे की हा कागद बहुतेक ठिकाणी खोटे बोलतो. तो मुद्दाम बोलतो असे नाही, तर त्याचे घड्याळ चुकीच्या जागी सुरू होते म्हणून.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण क्रम रोजचाच आहे. डोळखांबच्या बाजूची एक गरोदर बाई. तिला सकाळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजले आणि दोन तासांनी, ९ वाजून १० मिनिटांनी, रक्त घेतले. साखर १४० किंवा त्याहून जास्त निघाली तर गरोदरपणातला मधुमेह समजायचा, असा सरळ हिशोब आहे. रक्त साध्या नळीत भरले आणि पिशवीत ठेवले. मोटारसायकलवरचा मुलगा इतर दोन-तीन ठिकाणचे नमुने गोळा करून साडेअकराला निघाला आणि १२.४० ला शहापुरात पोहोचला. १२.५५ ला नाव कॉम्प्युटरवर चढले. १.०५ ला नळी सेंट्रीफ्यूजवर फिरवून पाणी वेगळे केले, मशिनवर लावले आणि १.४५ ला रिपोर्टवर सही झाली.

केंद्राचे घड्याळ १२.५५ ला सुरू झाले. त्यांच्या कागदावर या नमुन्याला ५० मिनिटे लागली. साखरेसाठी त्यांनी दोन तासांची मर्यादा ठरवली असेल, तर हा नमुना वेळेत, किंबहुना फार लवकर झाला. कुठेही लाल खूण नाही.

पण बाईच्या दृष्टीने सुईपासून सहीपर्यंत ४ तास ३५ मिनिटे गेली. त्यातले जवळजवळ चार तास रक्त पेशींसकट तसेच पडून होते. साध्या तापमानाला, न फिरवलेल्या रक्तातली साखर दर तासाला पाच ते सात टक्के कमी होते, कारण पेशी ती खातात. सहा टक्के धरले तर खरी १५० ची साखर चार तासांत १२० च्या खाली येते. रिपोर्टवर ११७ छापले जाईल. १४० च्या आत, म्हणजे सगळे ठीक. डॉक्टर बाईला घरी पाठवतील. पोटात वाढणारे मूल प्रमाणाबाहेर मोठे होईल, बाळंतपण अडेल, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली जाईल. आणि त्या वेळी कोणालाही हा ११७ चा कागद आठवणार नाही.

यावर राखाडी टोपणाची, फ्लोराईड घातलेली नळी वापरतात. ती वापरलीच पाहिजे. पण तीही लगेच साखर थोपवत नाही. पहिल्या तास-दोन तासांत घट चालूच राहते, नंतर ती थांबते. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोमीटरवर जागेवरच तपासणी होते तिथे निदान हा धोका तरी टळतो. आणि कोणी म्हणेल, सगळे नमुने बर्फाच्या डब्यात घाला, तर तेही सरसकट चालत नाही. न फिरवलेले रक्त फार थंड ठेवले की पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि तो आकडा खोटा वाढतो. प्रत्येक तपासणीचे स्वतःचे पथ्य असते.

तेव्हा पहिली मागणी अशी, की घड्याळ सुई टोचल्यापासून लावा. इथे केंद्रचालक लगेच म्हणतात, “वाटेतला उशीर आमचा नाही, पोऱ्याचा आहे.” असेल. पण रिपोर्टवर सही तुमची आहे. २०१७ साली सुरू झालेल्या महालॅब योजनेतही सरकारी दवाखान्यांतले नमुने गोळा करून दूरच्या प्रयोगशाळेत नेण्याचीच पद्धत ठेवली गेली, आणि खासगी केंद्रेही मुरबाडचे नमुने कल्याणकडे पाठवतात. रक्त एका ठिकाणी आणि मशिन दुसऱ्या ठिकाणी ही आपल्या भागाची रीतच झाली आहे. मग प्रवास हा तपासणीचाच भाग धरायला हवा.

कॉम्प्युटरमध्ये रक्त घेतल्याच्या वेळेचा रकाना असतो. अडचण अशी की तो कोणी भरत नाही, आणि मोकळा सोडला की नोंदणीचीच वेळ तिथे आपोआप उमटते अशी सोय अनेक ठिकाणी केलेली असते. ही चलाखी ओळखणे सोपे आहे. डोळखांब, किन्हवली आणि खर्डी इथून आलेल्या वीस नमुन्यांची रक्त घेतल्याची वेळ १२.५५ दिसली, तर समजावे की त्या मिनिटाला कोणाच्याही दंडात सुई नव्हती. उपाय बिनखर्ची आहे. रक्त घेणाऱ्याने नळीच्या चिठ्ठीवर बॉलपेनने वेळ लिहायची, आणि नोंदणी करणाऱ्याने ती वाचून चढवायची. वेळ नसेल तर तसे रिपोर्टवर छापायचे.

दुसरा दोष याहून छुपा आहे. समजा सकाळी सात ते दोनच्या पाळीत ४८ नमुने आले. ४१ चे रिपोर्ट गेले, सगळे दोन तासांच्या आत. गोषवारा म्हणतो: ४१ पैकी ४१ वेळेत, शंभर टक्के. राहिलेल्या सातांचे काय? त्यांचा रिपोर्टच झाला नाही, म्हणून त्यांना लागलेला वेळ मोजताच येत नाही आणि ते सरासरीत येतच नाहीत. जो नमुना सगळ्यांत जास्त रखडला तोच हिशोबाबाहेर! शाळेत नापास होणाऱ्या पोरांना परीक्षेलाच बसू द्यायचे नाही आणि निकाल शंभर टक्के लावायचा, त्यातलाच हा प्रकार.

त्या सातांपैकी चार दीड वाजता आलेले, त्यांची काळजी नाही. दोघांचे रसायन संपले, ते संध्याकाळी येईल. सातवा मात्र ९.२० पासून स्टँडमध्ये उभा आहे. पावसाळ्यातल्या तापाचा रुग्ण, डॉक्टरांना प्लेटलेट हव्या होत्या, कारण डेंग्यूची शंका. नळीत रक्त गोठले होते. गोठलेल्या रक्तात प्लेटलेट गुठळीत अडकतात आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून मशिनवर न लावणे बरोबरच. पण नवे रक्त घेण्यासाठी फोन कोणी करायचा? सकाळच्या टेक्निशियनला वाटले काउंटरवरचा करेल. दोनला पाळी बदलली. दुपारच्या माणसाला स्टँडमधली नळी दिसते, पण ती “सकाळची” असते. डॉक्टर रिपोर्टची वाट पाहत बसतात आणि सहाव्या तासाला स्वतः फोन करतात.

म्हणून पाळीच्या कागदावर झालेल्या नमुन्यांआधी न झालेल्यांची यादी हवी. नळी क्रमांक, रक्त घेतल्याची वेळ, आता किती तास झाले, अडले कशामुळे, आणि डॉक्टरांना कोणी किती वाजता कळवले. सगळ्यांत जुना नमुना सगळ्यांत वर. पाळी सोडणाऱ्याने आणि घेणाऱ्याने त्या यादीखाली दोघांनी सही करायची. मर्यादा ज्या पाळीत ओलांडली गेली तो नमुना त्या पाळीच्या खात्यावर धरायचा, मग तो कधीही पूर्ण होवो. नाहीतर उशीर नेहमी पुढच्याच्या गळ्यात पडतो. शिवाय खूण मर्यादा उलटल्यावर करून उपयोग नाही. दोन तासांची मर्यादा असेल तर दीड तासालाच नमुना यादीत लाल व्हावा, म्हणजे हातात अर्धा तास राहतो.

सरासरीवरही फार विसंबू नये. नऊ नमुने ५० मिनिटांत झाले आणि दहावा सहा तासांनी, तरी सरासरी ८१ मिनिटेच येते. त्या सरासरीत दहावा माणूस दिसतच नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या २०१२ च्या आवृत्तीतही लिहिले होते की उशिरामुळे रुग्णाच्या उपचाराला बाधा येणार असेल तर तपासणी मागणाऱ्याला कळवण्याची व्यवस्था प्रयोगशाळेने ठेवावी. आपल्या देशात एनएबीएलची मान्यता याच नियमावलीवर मिळते. तालुक्याच्या केंद्राने मान्यता घेतली नसेल, पण फोन उचलायला मान्यता लागत नाही.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. मालकांनी आकड्यांसाठी फारच तगादा लावला की टेक्निशियन शंकास्पद रिपोर्ट पुन्हा न तपासताच पुढे ढकलतो. कागद सुंदर होतो आणि तपासणी बिघडते. हिवतापाची काच नीट पाहायला वेळ लागतो, लघवीच्या कल्चरला जंतू वाढायला दिवस लागतात. त्यांना साखरेची मर्यादा लावणे वेडेपणाचे आहे. प्रत्येक तपासणीची मर्यादा वेगळी ठरवावी आणि पुन्हा तपासलेल्या नमुन्याला यादीत “फेरतपासणी” असे कारण लिहिण्याची मोकळीक द्यावी.

रात्रीच्या पाळीला एकच माणूस असतो, त्याला एवढे लिहायला सवड कुठली, असे एका केंद्रचालकांनी मला विचारले. रात्री नमुने थोडे असतात, त्यामुळे यादीही दोन-तीन ओळींचीच होते. आणि रात्री दोन वाजता येणारा नमुना बहुधा साप चावलेल्याचा किंवा अडलेल्या बाळंतिणीचा असतो. त्या दोन-तीन ओळी सकाळी सातला येणाऱ्या माणसाने चहाच्या आधी वाचाव्यात.