बी कॉम्प्लेक्सचं तिसरं पाकीट घेण्याआधी

मार्च महिन्यात वसमतकडे हळद शिजवण्याची लगबग असते. त्या कामावर जाणाऱ्या पन्नाशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. ओठांचे दोन्ही कोपरे चिरलेले, लाल झालेले, कडेला पांढुरकी साय. जांभई दिली तरी रक्त येई. "तोंड लई सुकायलंय डॉक्टर, उन्हामुळंच असंल," त्या म्हणाल्या. मेडिकलवरून आणलेली बी कॉम्प्लेक्सची दोन पाकिटं संपली होती, तिसरं पिशवीत होतं.

आपल्याकडे तोंडाचा कोपरा चिरला की बी कॉम्प्लेक्स, हे समीकरण इतकं पक्कं आहे की पुढे कुणी विचारच करत नाही. ते अगदीच खोटं नाही. बी-२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक ॲसिड कमी पडलं तर कोपरे चिरतात. लोह कमी पडलं तरी चिरतात, आणि आपल्या बायांमध्ये लोहाची कमतरताच जास्त दिसते. पण बी कॉम्प्लेक्सच्या साध्या गोळीत लोह नसतं. म्हणजे ज्या कमतरतेची शक्यता अधिक, तिला ही गोळी हातही लावत नाही.

या बाईंना मी पहिला प्रश्न लघवीचा विचारला. उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं, तर शरीर उरलेलं पाणी धरून ठेवतं; लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचं पाणी घेतलं की काही तासांत तोंड ओलं होतं. बाईंचं उलट होतं. तांब्याच्या तांब्या पाणी पिऊनही कोरड जात नव्हती, आणि रात्री तीन-चारदा उठावं लागत होतं. तोंड कोरडं असूनही लघवी भरपूर होत असेल, तर दोष एकट्या उन्हाचा नाही.

बोटाच्या थेंबावर साखर निघाली ३१२. अशी लक्षणं असताना कुठल्याही वेळची साखर २०० किंवा त्यावर आली, तर तो मधुमेह धरतात. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत ओढून घेता येत नाही. ती लघवीतून जाते आणि जाताना पाणी सोबत नेते. मग लाळ आटते. लाळ तोंड नुसतं ओलं ठेवत नाही, तोंडातल्या बुरशीलाही आवरते. ती कमी झाली, त्यात साखर वाढलेली, की कॅन्डिडा नावाची बुरशी फोफावते. कोरड पडली म्हणून माणूस जिभेनं ओठ चाटतो, ती ओल कोपऱ्यात साचते आणि बुरशी तिथं घर करते. बाईंच्या कोपऱ्यातली पांढुरकी साय तीच होती. ती जीवनसत्त्वाच्या गोळीनं जाणार कशी?

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. हळदीच्या धुळीनं शिंका येतात म्हणून रोज रात्री ॲलर्जीची गोळीही चालू होती. ती थेट लाळ कमी करते. झोपेसाठी आणि नसांच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांचंही तसंच आहे. बीपीची गोळी मनानं बंद करू नये, पण सगळी पाकिटं डॉक्टरांपुढे ओतावीत. ॲलर्जीची गोळी बऱ्याचदा रोज लागतच नाही.

आणखी एक घोळ तहानेनं केला होता. कोरड जावी म्हणून बाई दुपारी रसवंतीवर दोन ग्लास उसाचा रस पीत, शिवाय दिवसभरात चार गोड चहा. म्हणजे साखरेनं लागलेल्या तहानेवर साखरेचाच उतारा!

गोड बंद झालं, मधुमेहाचं औषध सुरू झालं, ॲलर्जीची गोळी थांबवली. कोपऱ्यांना क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा, पातळसं, दोन आठवडे. ज्यांना कवळी आहे त्यांनी ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. नाहीतर बुरशी तिथून परत येते.

माझं म्हणणं एवढंच की तिशीपुढच्या माणसाला दुसरं पाकीट विकत घेण्याआधी साखर तपासायला लावावी. उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. जीवनसत्त्व नंतरही लागू शकतं: मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. जीभ गुळगुळीत, लाल झाली, तळपायाला मुंग्या आल्या, तर त्याची रक्ततपासणी करावी. खूप तहानेसोबत उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल, तर मात्र त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या तेव्हा कोपरे भरले होते. रात्री एकदाच उठते म्हणाल्या. तिसरं पाकीट दुकानदारानं परत घेतलं नाही, ही तक्रार तेवढी होती.