“बघते गं” म्हणजे काय समजायचं?



गोचरीची विनंती केली की महाराज साहेब “वर्तमान जोग” म्हणतात. आधी ठरवून कुणाच्या घरचा आहार त्यांना घेता येत नाही, म्हणून ते शब्द देत नाहीत. आपल्याला असा कुठला नियम आहे? तरी जेवणाचं बोलावणं आलं की आपणही “बघते गं, जमलं तर येते” म्हणून मोकळ्या होतो.

बोलावणाऱ्या घरी मात्र त्याच उत्तरावर कणीक भिजवायची असते. सूर्यास्ताच्या आत ताटं व्हायला हवीत आणि उरलेलं बासी म्हणून दुसऱ्या दिवशी चालत नाही. चार जणी आल्या नाहीत की चार ताटांचं अन्न वाया जातं, आणि त्याचा दोष मनाला लागून राहतो.

सूनबाईची अठाई सुखरूप झाली, तेव्हा रविवारी साडेपाचला बारा जणींना बोलावलं होतं. एक म्हणाली, “अय्या, किती छान! यांना विचारते, जमलं तर नक्की.” दुसरी म्हणाली, “रविवारी बहीण मलकापूरहून येतेय गं. सोमवारी सकाळी सुनेला भेटायला आले तर चालेल?” दुसरीला खरंच अडचण होती. तिने कारण नेमकं सांगितलं आणि दुसरी वेळही स्वतःच काढली. पहिलीने किती वाजता, कोण कोण येणार, काहीच विचारलं नाही. जिला यायचं असतं ती एवढं तरी विचारतेच. मी तिचं ताट धरलं नाही आणि ती आलीही नाही. (एकत्र कुटुंबातल्या सुनेला “विचारून सांगते” म्हणावंच लागतं, ते वेगळं. तिचा फोन मात्र संध्याकाळपर्यंत येतो.)

पण हा हिशेब माझा एकदा सपशेल चुकला. गल्लीतल्या एका मैत्रिणीने तीनदा “बघते” म्हटलं आणि मी तिचं नाव यादीतून काढलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पाचनंतर घर सोडणं तिला शक्यच नव्हतं, आणि घरचं गाऱ्हाणं सांगायचा तिला संकोच. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. खूण माझ्यासमोरच होती. दरवेळी दुसऱ्या दिवशी तिचा आपणहून फोन यायचा, “कसं झालं गं काल? कोण कोण आलं?” ज्यांना यायचंच नसतं, त्या असा फोन करत नाहीत, उलट चार दिवस समोर यायचं टाळतात.

नंतर मी तिला दुपारी दोनला बोलावलं. सासूबाईंजवळ शेजारणीला बसवून आली, तासभर बसली.

आता बोलावतानाच म्हणते, “शनिवार दुपारपर्यंत सांग, नाही म्हणालीस तरी राग नाही.” दोनदा गुळमुळीत उत्तर आलं तर एकदा वेळ बदलून विचारते. तेव्हाही “बघते”च आलं, तर आग्रह करत नाही. देरासरात भेटली की हसून बोलते, जेवणाचा विषय काढत नाही.