आधी बोंड फोडून पाहा, मग फवारा

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे



मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक. पहिल्यांदाच कापूस करणारी पोरं मला एकच प्रश्न विचारतात, "काका, गुलाबी बोंडअळीला कोणतं औषध मारू?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच वर्षी बोंडअळीनंही कापूस खाल्ला. पंप दिवसरात्र चालले, तरी कापूस वाचला नाही. असं का झालं आणि नवख्या शेतकऱ्यानं सुरुवात कुठून करावी, हे आपल्यापुढे मांडावं म्हणून हे पत्र.

या अळीची गोष्ट बोंडाच्या आत घडते. पतंग पात्यावर, फुलावर, कोवळ्या बोंडावर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली बारीक पांढुरकी अळी लवकरच आत शिरते आणि ज्या छिद्रातून ती गेली ते बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, निरोगी दिसतं, आत अळी सरकी खात असते. एकदा ती आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कवडी झालेली बोंडं पाहून जो फवारतो, तो झालेल्या नुकसानीवर पैसे ओततो. बीटी वाणांचा भरवसाही आता उरलेला नाही. दोन जनुकांच्या बीटीलाही ही अळी दाद देत नाही.

म्हणून पहिलं काम पेरणीच्याही आधीचं. ही अळी जवळजवळ कापसावरच जगते. हंगामाच्या शेवटी ती सरकीत किंवा झाडावर राहिलेल्या बोंडात सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग होऊन बाहेर पडते. त्या वेळी शेतात पाती-फुलं नसतील, तर पतंग अंडी न घालताच मरतो. ओलिताच्या जोरावर मे महिन्यात पेरलेला कापूस मात्र नेमका तेव्हाच पात्यावर आलेला असतो. म्हणून जूनमध्ये पाऊस झाल्यावरच पेरणी, कमी दिवसांचं वाण, डिसेंबरअखेर शेवटची वेचणी, फरदड नाही आणि पऱ्हाटी बांधावर रचून न ठेवता तिचा भुगा. यात औषधाचा एक थेंब लागत नाही. पण हे काम एकट्याच्या शेतात फळत नाही. शेजाऱ्यानं फेब्रुवारीपर्यंत फरदड राखली, तर त्याचे पतंग माझ्या शेतात येणारच.

दुसरं काम मोजण्याचं. समजा, एका पोरानं 20 जूनला एक एकर कापूस लावला. साधारण 45 दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाती दिसू लागतात. तेव्हा त्यानं एकरी दोन कामगंध सापळे झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावावेत आणि रोज सकाळी त्यातले पतंग मोजून वहीत लिहावेत. सापळ्यात फक्त नर येतात. दोन सापळ्यांनी कीड संपत नाही, ती आली का आणि किती आली एवढंच कळतं. ल्यूर महिनाभरात निकामी होते. ती बदलली नाही, तर सापळा रिकामा दिसतो आणि माणूस गाफील राहतो.

त्याच्या वहीत पहिल्या आठवड्यात तीन, पाच, चार असे आकडे आले, तर रासायनिक फवारणी नाही. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसतील तेवढ्या तोडून अळीसकट नष्ट करायच्या. पुढे एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, तर धोक्याची पातळी आली असं समजायचं. बोंडं धरली असतील, तर शेतात तिरपं चालत वेगवेगळ्या वीस झाडांवरून एकेक कोवळं हिरवं बोंड तोडायचं आणि तिथंच फोडायचं. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी सापडली, म्हणजे दहा टक्के झाले. आता रासायनिक उपाय करायचा.

तिसरं काम उपाय निवडण्याचं, आणि तेही सौम्यापासून. पतंग दिसू लागले पण नुकसान पातळीखाली आहे, तेव्हा पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून शंभर लिटर पाणी करायचं. वाढलेल्या एकरभर कापसाला असे दोनशे लिटर लागतात. उन्हानं त्याचा गुण जातो, म्हणून संध्याकाळी फवारायचा. अंडी घालण्याला आणि बारीक अळीला तो रोखतो, बोंडातल्या अळीला नाही. त्याच सुमारास ट्रायकोकार्ड लावता येतात, एकरी साठ हजार अंड्यांची. त्यातून निघणारी चिमुकली गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. मात्र आठवडाभर आधी किंवा नंतर रासायनिक फवारणी झाली, तर ती मरते आणि कार्डाचा खर्च वाया जातो.

पातळी ओलांडल्यावरच रासायनिक औषध, तेही विद्यापीठाच्या शिफारशीतलं, एका वेळी एकच. डब्यावरचा त्रिकोण पाहायचा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. काम होत असेल तर खालच्या रंगाचं घ्यायचं. तीन औषधं एका पंपात कालवायची नाहीत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड हंगामात लवकर मारायची नाहीत, कारण मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेनं फवारणं आणि उपाशी पोटी न फवारणं, हे काहीच सोडता येत नाही.

आयुक्त साहेब, हे सगळं आपल्याच विभागाच्या, कृषी विद्यापीठांच्या आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशींत आहे. क्रॉपसॅपमध्ये आपले कर्मचारी कीड मोजतातही. पण शेतकऱ्याच्या मोबाइलवर बहुतेक वेळा औषधाचं नाव आणि मात्रा पोहोचते, त्याआधीचा मोजण्याचा भाग पोहोचत नाही.

म्हणून तीन मागण्या करतो. एक, प्रत्येक कापूस गावाचा आठवड्याचा पतंगांचा आणि अळीग्रस्त बोंडांचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा आणि सल्ल्याची सुरुवात त्या आकड्यानं व्हावी. दोन, सापळे आणि बदलायच्या ल्यूर जुलैअखेर, ट्रायकोकार्ड ऑगस्टमध्ये तालुक्याला मिळावीत. सप्टेंबरअखेर आलेलं कार्ड कामाचं नाही. तीन, पऱ्हाटीचा भुगा करणारी यंत्रं डिसेंबर-जानेवारीत गावागावांत भाड्यानं मिळावीत आणि सरकी साठवणाऱ्या जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावणं सक्तीचं व्हावं.

यासाठी नवं संशोधन लागत नाही, वेळेवर काम लागतं. येत्या खरिपापूर्वी आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कापूस उत्पादक