शून्य आकडा आला की आधी आपली चूक शोधा

आपल्या मंडळाच्या मराठी वाचन वर्गासाठी उन्हाळ्यात आम्ही तीन छोटे व्हिडिओ केले. वडोदऱ्यात वाढणाऱ्या आपल्या मुलांना गुजराती वाचता येतं, घरी मराठी बोलता येतं, पण आजीनं लिहिलेली चिठ्ठी वाचायला दिली की अडखळायला होतं. त्यांच्यासाठी हा वर्ग. पंधरा मुलांची एक तुकडी, आणि तीस नावं आली तरच दुसरी तुकडी उघडायची, असं कार्यकारिणीनं ठरवलं होतं. दुसऱ्या तुकडीसाठी वेगळी खोली भाड्यानं घ्यावी लागणार होती.

पहिल्या व्हिडिओत आमच्या सोसायटीतले एक आजोबा बोलले. दुसऱ्यात गेल्या वर्षीच्या वर्गातली मुलं गोष्ट वाचताना दिसली. तिसऱ्यात शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी काय शिकवतात, वेळ काय आणि फी किती, एवढंच चाळीस सेकंदांत सांगितलं. तिन्हींच्या शेवटी नोंदणीचा पत्ता आणि क्यूआर कोड होता. कोणत्या व्हिडिओमुळे किती नावं आली हे मोजायची जबाबदारी माझ्याकडे होती.

हे मोजायचं तर तिन्ही व्हिडिओंना एकच लिंक देऊन चालत नाही. तशी दिली की फॉर्म येतात, पण ते कुठून आले ते कळत नाही. म्हणून मी मंडळाच्याच संकेतस्थळावर सहा छोटे पत्ते केले. पडद्यावर वाचून टाइप करायचे किंवा व्हिडिओखालच्या वर्णनात दाबायचे तीन: `/ajoba`, `/mule`, `/bai`. आणि फक्त क्यूआरमध्ये घालायचे तीन: `/qa`, `/qm`, `/qb`. सहाही पत्ते एकाच गूगल फॉर्मवर नेतात, पण प्रत्येक पत्ता जाताना सोबत आपली खूण घेऊन जातो. गूगल फॉर्ममध्ये आधीच भरलेल्या उत्तराची लिंक तयार करता येते. ‘कुठून आलात’ अशा शेवटच्या प्रश्नात ही खूण आपोआप भरली जाते. तो प्रश्न भरणाऱ्याला दिसतो, म्हणून त्याच्याखाली ‘हे बदलू नका’ असं लिहून ठेवलं. सर्व्हरवर एका पत्त्यासाठी एवढंच लिहावं लागतं:

```
location = /qa {
  return 302 "https://docs.google.com/forms/d/e/FORM_ID/viewform?usp=pp_url&entry.1234567890=QA";
}
```

`FORM_ID` आणि `entry` नंतरचा आकडा प्रत्येक फॉर्मचा वेगळा असतो. यातला 302 मुद्दाम आहे. 301 लिहिलं तर ब्राउझर ‘हा पत्ता कायमचा बदलला’ असं समजून लक्षात ठेवतो, आणि तोच माणूस पुन्हा आला की परस्पर फॉर्मवर जातो. आपल्या नोंदवहीत ती भेट उमटतच नाही.

लिंक छोटी करून देणारी एखादी फुकट सेवा का वापरली नाही, असं सेक्रेटरी काकांनी विचारलं होतं. कारण एकदा हात पोळले होते. मागे एका कार्यक्रमाच्या व्हिडिओत मी अशाच एका सेवेकडून घेतलेला कोड घातला होता. फुकट मुदत संपली आणि कोड उघडला की त्यांचं पैसे भरण्याचं पान यायला लागलं. छापलेल्या पत्रकावर दुसरा कोड चिकटवता येतो, अपलोड झालेल्या व्हिडिओवर नाही. पत्ता आपल्या मालकीचा असला की व्हिडिओ तसाच ठेवून तो पुढं कुठं न्यायचा हे कधीही बदलता येतं.

छोट्या पत्त्याचा दुसरा फायदा कोडच्या चित्रात दिसतो. क्यूआरमध्ये जितकी अक्षरं जास्त, तितके चौकोन जास्त आणि बारीक. पंचवीसेक अक्षरांचा पत्ता 25 × 25 चौकोनांत बसतो. शंभराच्या वर अक्षरं असलेली लांबलचक लिंक घातली की तेच 45 × 45 होतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आलेल्या व्हिडिओत ते एकमेकांत मिसळतात. शिवाय कोडभोवती चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडावी लागते. सजावटीच्या हौसेनं ती भरली तर कॅमेऱ्याला कोड कुठं सुरू होतो तेच कळत नाही.

क्यूआर कुणासाठी, हाही प्रश्न होता. फोनवर व्हिडिओ पाहणारा माणूस त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं आपलाच पडदा टिपू शकत नाही. त्याच्यासाठी वर्णनातली लिंक. क्यूआर हा टीव्हीवर, लॅपटॉपवर किंवा सभागृहातल्या पडद्यावर पाहणाऱ्यांसाठी. टीव्हीसाठी आकाराचा ढोबळ हिशेब असा: जितक्या लांबून टिपायचा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी कोडची रुंदी. 43 इंची टीव्हीचा पडदा साधारण 53 सेंटिमीटर उंच असतो आणि आमचा सोफा अडीच मीटरवर. म्हणजे कोड 25 सेंटिमीटरचा, जवळजवळ अर्ध्या पडद्याएवढा हवा. कोपऱ्यातला नाजूक कोड तिथून टिपता येत नाही.

वेळेचा हिशेब मी आईकडून घेतला. पर्समधून फोन काढून, कॅमेरा उघडून तो टीव्हीकडे धरेपर्यंत तिला नऊ सेकंद लागले. शिवाय पहिल्यांदा तिनं कॅमेऱ्याऐवजी पैसे देण्याचं अ‍ॅप उघडलं, कारण भाजीवाल्याकडे तिला तीच सवय. त्या अ‍ॅपनं कोड चुकीचा असल्याचं सांगितलं आणि ती म्हणाली, “अरे, हे चालत नाही.” म्हणून तिन्ही व्हिडिओंत शेवटचे पंधरा सेकंद कोडला दिले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करा. नोंदणीचा फॉर्म उघडेल, पैसे मागत नाही.’

तीन आठवड्यांनी आकडे काढले. सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक भेट एका ओळीत लिहिली जाते, म्हणून मोजणी सोपी:

```
grep 'GET /qa ' access.log | grep -vc WhatsApp
```

मधलं `-v` अशासाठी की कुणी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की तिचं छोटं चित्र दाखवायला व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच पत्ता उघडून पाहतं. तो माणूस नव्हे, म्हणून त्या ओळी वगळायच्या.

बाईंच्या व्हिडिओतून लिंकवर 58 भेटी आणि 8 फॉर्म, क्यूआरवर 23 भेटी आणि 5 फॉर्म. मुलांच्या व्हिडिओतून लिंकवर 71 भेटी आणि 4 फॉर्म, क्यूआरवर 11 भेटी आणि 1 फॉर्म. आजोबांच्या व्हिडिओतून लिंकवर 64 भेटी आणि 9 फॉर्म. क्यूआरवर शून्य.

एकूण 27 नावं, तिसाला तीन कमी. आजोबांचा व्हिडिओ सगळ्यांत जास्त पाहिला गेला होता, पण नावं आणण्यात बाईंचा पुढं, 13 विरुद्ध 9. बैठकीत निष्कर्ष झटकन निघाला: भावनेनं लोक पाहतात, नावं देत नाहीत, पुढच्या वर्षी फक्त माहितीचे व्हिडिओ करू, आणि दुसरी तुकडी रद्द. आजोबा बैठकीला होते. ते एवढंच म्हणाले, “मला कॅमेऱ्यापुढं नीट बोलता आलं नाही बहुतेक.”

मला ते शून्य खटकत होतं. बाईंच्या क्यूआरवर 23 आणि मुलांच्या क्यूआरवर 11 लोक आले होते. एखादा व्हिडिओ आवडला नाही तर आकडा पाच होईल, तीन होईल. सगळ्यांत जास्त पाहिलेल्या व्हिडिओवर नेमका शून्य येतो तेव्हा बहुधा काहीतरी मोडलेलं असतं. दुसरं, लिंकवर आलेल्यांपैकी किती जणांनी फॉर्म भरला ते पाहिलं तर आजोबांचे 64 पैकी 9 आणि बाईंचे 58 पैकी 8, म्हणजे दोन्हीकडे साधारण 14 टक्के. मुलांचा व्हिडिओ जेमतेम 6 टक्क्यांवर होता. म्हणजे आजोबांचं ऐकून फॉर्मपर्यंत पोचलेली माणसं तितक्याच तयारीनं आली होती.

यूट्यूबच्या आकडेवारीत कोणत्या उपकरणावर पाहिलं तेही दिसतं. तिघांत टीव्हीवर सगळ्यांत जास्त पाहिलेला व्हिडिओ आजोबांचाच निघाला. घरातले मोठे आणि नातवंडं मिळून पाहत असणार. मग मी तो माझ्याही टीव्हीवर लावून शेवटपर्यंत पाहिला. शेवटचे पंधरा सेकंद सुरू झाले आणि कोडवर अलगद एक चौकट येऊन बसली: ‘पुढचा व्हिडिओ पाहा’. यूट्यूबवर शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत अशा चौकटी लावता येतात. त्या मूळ फाइलमध्ये नसतात, चालताना वरून येतात. अपलोड करण्याआधी मी फाइल तपासली होती, म्हणून ती दिसली नव्हती. आणि चौकट लावणारा मीच, हा पहिला व्हिडिओ म्हणून हौसेनं.

सुदैवानं ती चौकट काढायला व्हिडिओ पुन्हा चढवावा लागत नाही. मी ती काढली, बैठकीत झालेली चूक सांगितली आणि निर्णय दोन आठवडे थांबवायची विनंती केली. त्या दोन आठवड्यांत `/qa` वर 31 भेटी झाल्या आणि 6 फॉर्म आले. एकूण 33. दुसरी तुकडी उघडली.

या सहा फॉर्मवरून आजोबांचा व्हिडिओ श्रेष्ठ ठरला असं मी म्हणणार नाही. इतक्या थोड्या आकड्यांत दोन-तीनचा फरक योगायोगानंही पडतो. शिवाय ही खूण फक्त शेवटची पायरी सांगते. आजोबांचं ऐकून मन वळलं आणि आठवड्यानं बाईंच्या व्हिडिओवरून फॉर्म भरला, तर श्रेय बाईंच्या खात्यात जातं. कुणी थेट बाईंना फोन केला तर कुठेच जात नाही. म्हणून फॉर्ममध्ये आता एक साधा प्रश्नही आहे: ‘वर्गाबद्दल पहिल्यांदा कुठं पाहिलं किंवा ऐकलं?’

आणि आता कोणताही व्हिडिओ चढवला की मी तो टीव्हीवर लावतो, सोफ्यावर बसतो आणि आईच्या हातात फोन देतो. तिच्या फोनवर फॉर्म उघडला आणि नोंदवहीत त्या पत्त्याची ओळ उमटली की मगच तो गटावर टाकतो. आजोबांना मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे माझ्यावर तू झाकण घातलं होतंस?” मी हो म्हटलं. पुढच्या वर्षीच्या व्हिडिओला त्यांनी होकार दिलाय.