स्तवन खणखणीत, संभाषण मात्र अस्पष्ट

मोबाईलवर लावलेले सकाळचे स्तवन स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाते. परंतु त्याच मोबाईलवर आलेला फोन कानाला लावला, की पलीकडचा माणूस विहिरीच्या तळातून बोलत असल्यासारखा वाटतो. अशा वेळी घरात दोनच निष्कर्ष निघतात : फोन बिघडला, किंवा ऐकणाऱ्याचे कान गेले. दोन्ही निष्कर्ष बहुधा घाईचे असतात.

स्तवन मुख्यतः फोनच्या खालच्या कडेवरील स्पीकरमधून येते. कॉलचा आवाज पडद्याच्या वर, कानाशी येणाऱ्या बारीक फटीतून येतो. तेथे दुसराच, छोटा स्पीकर असतो. काही फोनांत गाणी दोन्ही स्पीकरांतून वाजतात, तरी मोठा वाटा खालच्याचाच असतो. म्हणून स्तवन उत्तम वाजल्याने कानाचा स्पीकर ठीक आहे, असे सिद्ध होत नाही.

शिवाय फोन आवाजाची खाती निरनिराळी ठेवतो. गाण्यांचे एक, घंटीचे दुसरे, गजराचे तिसरे आणि कॉलचे चौथे. एका खात्यात भरलेली रक्कम दुसऱ्यात जमा होत नाही. कॉल चालू नसताना बाजूचे बटण दाबले, तर सहसा गाण्यांचा किंवा घंटीचा आवाज वाढतो. कॉलचा आहे तेथेच राहतो.

सांगलीच्या हळद बाजारातील एका वयस्क अडत्याची हीच गत झाली होती. पलीकडून ‘साठ पोती’ म्हटले गेले, यांना ‘आठ’ ऐकू आले. ‘स’सारखा हलका फूत्कार क्षीण आवाजात सर्वांत आधी हरवतो. गाडी भरण्यापूर्वी लेखी निरोप आला म्हणून निभावले. घरी श्रवणयंत्राची चर्चा सुरू झाली. नातवाने मात्र विचारले, “आजोबा, आजीच्या फोनवर नीट ऐकू येतं का?” तेथे स्वच्छ ऐकू येत होते. कान निर्दोष सुटले.

ते रोज दुकानात बसून बटण दाबत, पण फोन हातात नुसता असताना. नातवाने घरातूनच त्यांना कॉल लावला आणि फोन कानाला असतानाच वरचे बटण शेवटपर्यंत दाबायला सांगितले. थोडा फरक पडला. त्याआधी त्यांनी हाच उपाय कॉल स्पीकरवर टाकून केला होता; तो कानाच्या आवाजाला लागू पडला नाही, कारण कानाचा स्पीकर, मोठा स्पीकर आणि ब्लूटूथ यांची कॉल-पातळी फोन बहुधा वेगवेगळी लक्षात ठेवतो. ज्या मार्गाने ऐकायचे, त्याच मार्गावर ती वाढवावी लागते. अँड्रॉइडच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये ‘Call volume’ची पट्टी दिसते, तरी चालू कॉलमधली तपासणी अधिक भरवशाची.

दुसरी अडचण पडद्याची होती. फोन कानावरून काढला तरी पडदा काळाच राही, त्यामुळे कॉल स्पीकरवर टाकता येईना. कानाच्या फटीजवळ जवळीक ओळखणारा सेन्सर असतो. बहुतेक फोनांत तो न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. प्रकाश गालावरून परत आला, की गालाच्या स्पर्शाने भलतेच बटण दाबले जाऊ नये म्हणून पडदा विझतो. त्यावर धूळ साचली वा नव्या संरक्षक काचेची कड आली, तर फोनला गाल सतत जवळ असल्याचा भास होतो. पडदा काळा असतानाही आवाजाची बटणे सहसा चालतात. चालू-बंदचे बटण मात्र जपून दाबावे, कारण काही फोनांत त्याने कॉल तुटावा अशी सोय केलेली असते.

यांच्या फोनवर काच नुकतीच बसवलेली होती आणि तिची कड फटीवरच आली होती. ती काढल्यावर आत पिवळी पूड दिसली. हळदीच्या बाजारात दुसरे काय मिळणार! फोन बंद करून, पडदा जमिनीकडे धरून, कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच झाडल्यावर पूड गळून पडली. येथे टाचणी कधीही वापरू नये, तिने जाळी फाटते. पाणी किंवा स्पिरिटही नको, त्याने पूड लगदा होऊन आत बसते.

यानंतर एक सोपी परीक्षा उरते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ध्वनिसंदेश सुरू करून फोन कानाला लावावा. सेन्सर शाबूत असेल, तर आवाज आपोआप मोठ्या स्पीकरवरून कानाच्या स्पीकरवर येतो. तो स्पष्ट असूनही एखाद्याच माणसाचा कॉल क्षीण येत असेल, तर दोष त्याच्या फोनचा किंवा जोडणीचा मानावा. पातळी शेवटपर्यंत वाढवून, फट झाडून आणि काच काढूनही संदेश क्षीण किंवा चिरकाच येत असेल, तर कानाचा स्पीकर बदलावा लागतो. दुरुस्तीवाल्याकडे देताना ‘आवाज कमी येतो’ एवढेच न सांगता ‘स्पीकरवर ठीक, कानाला कमी’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे तो खालचा स्पीकर उघडत बसणार नाही.