दात्याला न विचारता घेतलेले दान

विंडोज प्रणालीच्या संगणकावर दरमहा सुधारणा येतात आणि त्या आपोआप उतरवून घेतल्या जातात, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. परंतु उतरवून घेतलेल्या त्याच सुधारणांचे तुकडे आपला संगणक पुढे परक्या संगणकांना पाठवू शकतो, आणि त्यासाठी आपण पैसे मोजून घेतलेली इंटरनेटची जोडणी राबते, हे किती कुटुंबांना माहीत आहे? मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५ मध्ये विंडोज १० बाजारात आणली, तेव्हा तिच्या घरगुती आवृत्तीत ही देवघेव जगातील अनोळखी संगणकांशी मुळातच चालू ठेवलेली होती. बड्या कचेऱ्यांसाठी असलेल्या एंटरप्राइझ आवृत्तीत मात्र ती कचेरीच्या अंतर्गत जाळ्यापुरतीच होती. ज्यांच्या पदरी जाणकार नोकर आहेत त्यांना संरक्षण, आणि ज्यांना यातले काही कळत नाही त्यांच्यावर भार, ही वाटणी आम्हांस उफराटी वाटते.

या योजनेत मुळात काही कपट आहे, असे आम्ही म्हणत नाही. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी कोट्यवधी यंत्रे एकाच वेळी एकच वस्तू मागू लागली, तर ती सर्वांनी एकाच कोठारातून आणण्यापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घ्यावी, यात व्यवहार आहे. पाठवले जातात ते सुधारणांचे तुकडे. आपली पत्रे व छायाचित्रे नव्हेत. शिवाय शेजाऱ्याकडून आलेला प्रत्येक तुकडा कंपनीकडून मिळालेल्या खुणेशी ताडून पाहिला जातो व न जुळल्यास टाकून दिला जातो. तेव्हा या वाटेने रोग शिरेल ही भीती निराधार आहे. प्रश्न आहे तो वाट कोणाची वापरली जाते याचा.

जुन्या तांब्याच्या तारेवरील जोडणीत माहिती घरात येण्याचा मार्ग रुंद, तर बाहेर जाण्याचा अगदी अरुंद असतो. बाहेर जाण्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट आहे असे धरू. कंपनीच्या दस्तऐवजांत इंटरनेटवरील संगणकांना महिन्याकाठी पाठवण्याची मूळ मर्यादा २० गिगाबाइट दिली आहे. या वेगाने तेवढी माहिती पाठवण्यास १,६०,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेचव्वेचाळीस तास लागतील. प्रत्येक घर ही मर्यादा गाठत नाही, हे खरे. परंतु पाठवणी चालू असते तेवढा वेळ मुलाच्या शिकवणीतील चित्र गोठते, बोलणे तुटते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. घरात येणाऱ्या माहितीचीही पोच उलट पाठवावी लागते. बाहेरचा मार्ग तुंबला की पोच उशिरा पोचते, पाठवणारा हात आखडतो, आणि उतरवण्याचा वेगही मंदावतो. गृहस्थ मग जोडणी देणाऱ्या कंपनीला दोष देत बसतो.

२०१९ मधील आवृत्तीपासून ही पाठवणी इतर वाहतुकीस वाट करून देईल, अशी तजवीज करण्यात आली, हे नमूद केले पाहिजे. तिने खोळंबा घटतो. मात्र ज्या योजनांत बाहेर जाणारी माहितीही मोजली जाते, तेथील साठा त्याने वाचत नाही.

आपल्या घरी काय चालले आहे, हे पाहणे सोपे आहे. विंडोज ११ मध्ये ‘Settings’ उघडून ‘Windows Update’, तेथून ‘Advanced options’ व मग ‘Delivery Optimization’ असे जावे. तेथील ‘Activity monitor’ या पानावर चालू महिन्यात किती माहिती इंटरनेटवरील संगणकांना गेली आणि किती घरातल्यांना, याचे वेगवेगळे आकडे दिसतात. पहिला आकडा शून्य नसेल तर आपण दाते आहात. घरात दोनतीन संगणक असल्यास देवघेव समूळ बंद न करता ‘Devices on my local network’ हा पर्याय निवडावा, असे आमचे मत आहे. म्हणजे एकाने उतरवलेले दुसऱ्याला घरातच मिळते व बाहेर काही जात नाही. संगणक एकटाच असेल तर खुशाल बंद करावे. त्याने सुधारणा थांबत नाहीत. त्या थेट कंपनीकडून येतात.

भ्रमणध्वनीवरून जोडणी घेणाऱ्यांनी विशेष जपावे. जोडणी ‘Metered connection’ म्हणून नोंदलेली असल्यास विंडोज बाहेर पाठवणी करीत नाही. पण भ्रमणध्वनीचे वायफाय मोजून मिळालेले आहे, हे संगणकाला बहुधा कळत नाही, ते आपणच सांगावे लागते.

कंपनीकडे आमची मागणी एवढीच आहे. नवा संगणक प्रथम चालू करताना ती भाषा विचारते, देश विचारते, आपले ठिकाण कळू द्यावे काय हेही विचारते. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारावा : आपल्या जोडणीवरून इतरांना सुधारणा पाठवू काय? आणि उत्तर येईपर्यंत ते ‘नाही’ असेच धरावे.