जातीचा अपमान हा ‘विचारातला दोष’ नाही

मागच्या पावसाळ्यात कल्याण पूर्वेला आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाने मोबाईल आमच्यापुढे धरला. रात्री अडीच वाजता मानसिक आरोग्याच्या एका चॅट-ॲपवर त्याने लिहिलं होतं की ठाण्याच्या ऑफिसात आडनाव आणि जयंतीचा फोटो कळल्यापासून डबा खायला त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. ॲपने विचारलं होतं, इतरांच्या मनात काय आहे हे तुम्ही गृहीत तर धरत नाही ना? त्याखाली त्याने लिहिलं होतं, ‘आता सुटावंसं वाटतंय.’ उत्तरात श्वासाचा व्यायाम आला होता.

ॲप असं का बोललं, हे समजून घेतलं पाहिजे. यातली बरीच ॲप्स कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीच्या पद्धतीवर उभी आहेत. मनात आलेला विचार पकडायचा, त्याला पुरावा आहे का ते तपासायचं आणि अतिरेकी असेल तर तो बदलायचा. ‘एका पेपरात नापास झालो म्हणजे आयुष्य संपलं’ या विचारावर ही पद्धत खरोखर चालते. पण डब्याला शेजारी कुणी बसत नाही, हा विचार नव्हे, ती घडलेली गोष्ट आहे. चांगला समुपदेशक आधी ‘काय काय घडलं?’ असं विचारेल. ॲपला ऑफिस दिसत नाही, म्हणून ते माणसाचं डोकं दुरुस्त करायला निघतं. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्यानंतरही आपल्या मुलांना ‘फार मनाला लावून घेतोस’ हेच ऐकावं लागतं. आता ते मोबाईलही सांगू लागला आहे.

म्हणून ॲप्स फेकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. पुरावा आहे, फक्त तो कशाचा आहे हे नीट वाचावं. २०१७ मध्ये अमेरिकेत ‘वोबॉट’ची चाचणी झाली. ७० तरुण होते. काहींना चॅटबॉट दिला, काहींना नैराश्यावरचं ई-पुस्तक. दोन आठवड्यांत चॅटबॉटवाल्यांची नैराश्याची लक्षणं जास्त कमी झाली. २०२५ मध्ये डार्टमथच्या संशोधकांनी ‘थेराबॉट’ २१० जणांवर तपासला. चार आठवड्यांत नैराश्याच्या लक्षणांत सरासरी ५१ टक्के घट दिसली, पण तुलना अजून काहीच न मिळालेल्या, प्रतीक्षा यादीतल्या लोकांशी होती. शिवाय संशोधक संभाषणांवर नजर ठेवून होते. आपल्या मुलाच्या ॲपमागे रात्री अडीचला कोण बसलेलं असतं? म्हणजे सौम्य-मध्यम त्रासात काही आठवड्यांपुरता फायदा, एवढंच यातून म्हणता येतं. संकटात ॲप एकटं पुरेल, असं यातून सिद्ध होत नाही.

संकट ओळखण्यातच ही यंत्रणा अडखळते. २०१८ मध्ये बीबीसीने वोबॉट आणि आपल्या बंगळुरूची ‘वायसा’ तपासली, तेव्हा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची थेट वाक्यंसुद्धा त्यांना नीट ओळखता आली नव्हती. आमचा मुलगा तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होता. आपल्याकडे ‘मी आत्महत्या करणार’ असं कुणी सरळ म्हणत नाही. ‘सुटावंसं वाटतं’, ‘घरच्यांवर ओझं झालोय’ असं म्हणतात.

मग सोपवायचं केव्हा? मरणाचा नुसता इशारा आला तरी त्याच क्षणी. डॉक्टर नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. तिचा शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे, आणि एकूण गुण कमी असले तरी त्याला ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं, तर माणसानेच समोर बसून बोलायचं असतं. मारहाण-अत्याचार असेल, कानात आवाज येत असतील, किंवा दोन आठवडे ॲप वापरूनही झोप-जेवण बिघडतच असेल, तेव्हाही तेच. जातीय छळ असेल तर समुपदेशकाबरोबर वकील आणि कार्यकर्ताही लागतो. आणि पडद्यावर नंबर चिकटवणं म्हणजे सोपवणं नव्हे. जो माणूस ‘मी ओझं आहे’ म्हणतो, तो स्वतः फोन कशाला करेल?

आम्ही त्याला सरळ विचारलं, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ असं विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. तो म्हणाला, येतं. दिवस, जागा ठरवली आहेस का? नाही. त्याच्या शेजारी बसूनच १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लावला; तो २०२२ पासून चालतो, मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. त्याने दिवस ठरवला असता, तर फोनवर न थांबता थेट रुग्णालय गाठलं असतं. त्या रात्री एक जण त्याच्या घरी झोपला. सोमवारी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दोघे बरोबर गेलो, आणि तारखांसह प्रसंग लिहून ऑफिसात तक्रार दिली.

तक्रारीचं उत्तर अजून आलेलं नाही. औषधं सुरू आहेत. झोप येत नसली की तो अजूनही ते ॲप उघडतो. तेवढ्यापुरतं ते बरं आहे, असं तोच सांगतो.